ट्रॅकर म्हणतो ऐंशी टक्के, पेपर म्हणतो अकरा गुण

*ताई, मी टी.ई. कॉम्प्युटरला आहे, पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न. सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्या विषयांचा सिलॅबस एक्सेलमध्ये टाकला, प्रत्येक टॉपिकपुढे टिक करायला चौकोन ठेवला, युनिटला रंग दिले. इन-सेमच्या आधी डीबीएमएसचं ऐंशी टक्के हिरवं होतं. तीसपैकी अकरा मिळाले. आता एंड-सेमला पाच आठवडे आहेत. शीट परत कशी बनवू? सिलॅबसमध्ये तास दिलेत, त्यावरून वेटेज काढायचं का? की हा नाद सोडून सरळ अभ्यासाला बसू?*
*– टी.ई. कॉम्प्युटर, नाशिक*

शीट ठेव, पण नव्याने बांध, आणि आधी फक्त डीबीएमएसची. एका विषयाला एक संध्याकाळ पुरते. पाचही विषय एकदम घेतलेस तर पुन्हा रंगकामच होईल.

तासांचं आधी सांगते. युनिटच्या नावासमोर छापलेले सहा-सात तास हे सरांनी वर्गात किती वेळ द्यावा याचा हिशेब आहे. बहुतेक युनिट्सना ते जवळपास सारखेच असतात, त्यामुळे त्यांच्यावरून गुण काढायला गेलीस तर सगळंच सारख्या वजनाचं दिसेल. गुणांची वाटणी पेपरवर छापलेली असते. आपल्या पॅटर्नमध्ये इन-सेम ३० गुणांची, पहिल्या दोन युनिट्सवर. एंड-सेम ७० गुणांची, तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर, अडीच तासांची. प्रश्न १ किंवा २ तिसऱ्या युनिटवर, ३ किंवा ४ चौथ्यावर, ५ किंवा ६ पाचव्यावर, ७ किंवा ८ सहाव्यावर, आणि गुण १८ नाहीतर १७. म्हणजे युनिटचं वेटेज ठरलेलंच आहे. एखादं युनिट पूर्ण ऑप्शनला टाकलंस तर सतरा-अठरा गुण जागेवर गेले, ते दुसऱ्या युनिटमधून भरून काढायची सोय या पेपरात नाही. निवड आहे ती युनिटच्या आतल्या आत. म्हणून शीटने युनिटच्या आतलं दाखवायला हवं, आणि टिक मार्कला ते जमत नाही.

सुरुवात टॉपिक नीट तोडण्यापासून कर. सिलॅबसच्या पीडीएफमधला उतारा चिकटवून स्वल्पविरामावर तोडायचा मोह होतो, आणि तिथेच पहिली गडबड होते. डीबीएमएसचं चौथं युनिट, ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट, समोर घे. त्यात कॉन्करन्सी कंट्रोलखाली 'लॉक-बेस्ड' येतं, मग स्वल्पविराम, आणि पुढे 'टाइम-स्टॅम्प बेस्ड डेडलॉक हँडलिंग' असं सलग छापलंय. ते दोन वेगळे टॉपिक आहेत, टाइमस्टॅम्प वेगळं आणि डेडलॉक वेगळं. त्याच युनिटच्या शेवटी लॉग-बेस्ड रिकव्हरी दोनदा येते, एकदा शॅडो पेजिंगसोबत आणि पुन्हा डिफर्ड-इमिजिएटच्या आधी. तिथे दोन ओळी करायच्या नाहीत, एकच. तिसऱ्या युनिटमध्ये सेकंड नॉर्मल फॉर्म, थर्ड नॉर्मल फॉर्म आणि बीसीएनएफ स्वल्पविरामांनी तुटून तीन ओळी होतात, पण पेपरात ते बहुतेकदा एकाच प्रश्नात हातात हात घालून येतात. माझा नियम एवढाच आहे: ज्याच्यावर पाच ते नऊ गुणांचा एक उपप्रश्न येऊ शकतो, ती एक ओळ. त्याहून लहान काही असेल तर शेजाऱ्यात मिसळ, मोठं असेल तर फोड. असं केलंस तर एका युनिटच्या सात-आठ ओळी होतात आणि एंड-सेमच्या चार युनिट्सच्या मिळून तीसेक. शंभर ओळींची शीट तू पुन्हा उघडणार नाहीस.

प्रत्येक युनिटच्या शेवटी केस स्टडीची आणि कोर्स आउटकमची ओळ असते. आउटकमची ओळ टॉपिक नाही, ती सोडून दे. केस स्टडी मात्र वाचून ठेव, तिला वेगळी ओळ नको.

आता गुण. २०१९ पॅटर्नचे एंड-सेमचे पाच जुने पेपर घे. पॅटर्न आणि विषयाचा कोड पेपरच्या डोक्यावर छापलेला असतो, तो बघूनच घे. २०१५ पॅटर्नचे पेपर यात मिसळू नकोस. प्रत्येक उपप्रश्न वाच, तो कुठल्या ओळीत बसतो ते ठरव आणि त्याचे गुण त्या ओळीपुढे मिळवत जा. 'किंवा'च्या दोन्ही बाजू मोजायच्या, तुला सोडवावासा वाटला असता तेवढाच प्रश्न नाही. चौथं युनिट मोजल्यावर साधारण असं काहीसं दिसेल. वाटा म्हणजे युनिटच्या १७ गुणांपैकी त्या टॉपिकच्या वाट्याला सरासरी येणारे गुण. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुझे तू मोजशील:

| टॉपिक | तास | जुने गुण | वाटा |
|---|---|---|---|
| ट्रान्झॅक्शन, स्टेट्स, अ‍ॅसिड | १ | २२ | २.२ |
| शेड्यूल, सीरियलायझेबिलिटी | १.५ | ३४ | ३.४ |
| रिकव्हरेबल शेड्यूल, कॅस्केडेड अबॉर्ट | ०.५ | १२ | १.२ |
| लॉक-बेस्ड | १ | २४ | २.४ |
| टाइमस्टॅम्प | ०.५ | १४ | १.४ |
| डेडलॉक | ०.५ | १६ | १.६ |
| शॅडो पेजिंग | ०.२५ | १० | १.० |
| लॉग-बेस्ड रिकव्हरी, चेकपॉइंट | ०.७५ | ३८ | ३.८ |

मोजणी बरोबर झाली का, हे बेरजेवरून कळतं. एका पेपरात या युनिटवर १७ गुणांचे दोन प्रश्न, म्हणजे ३४. पाच पेपरांचे १७०. वरच्या रकान्याची बेरीज १७० आहे. तुझी १६४ आली तर सहा गुणांचा एक उपप्रश्न कुठेतरी निसटलाय किंवा तू तो दुसऱ्या युनिटमध्ये टाकलायस. एखाद्या पेपरात याच युनिटला १८ दिले असतील तर त्या पेपरापुरते ३४ ऐवजी ३६ धर. बेरीज जुळेपर्यंत पुढे जाऊ नकोस, कारण पुढचं सगळं याच रकान्यावर उभं आहे.

तासांच्या रकान्यात युनिटचे छापील तास तू तुझ्या अंदाजाने टॉपिकमध्ये वाटून टाक. वरच्या तक्त्यात मी सहा तास धरलेत. त्याचा उपयोग एकच. लॉग-बेस्ड रिकव्हरीची ओळ बघ: पाऊण तास आणि ३.८ गुण. युनिटच्या शेपटाकडचा टॉपिक वर्गात घाईघाईने संपतो, पण पेपर काढणारा त्यावर आरामात प्रश्न काढतो. जिथे तास कमी आणि वाटा जास्त, तिथे वर्गातल्या वहीवर भिस्त ठेवायची नाही, पुस्तक उघडायचं.

शीटची मांडणी अशी ठेव. पहिल्या पानाचं नाव `Topics`. त्यात A युनिट क्रमांक, B टॉपिक, C तास, D जुने गुण, E वाटा, F पायरी, G शेवटची उजळणी, H पुढची उजळणी, I बाकी गुण. दुसऱ्या पानाचं नाव `Units`, त्यात A मध्ये युनिट क्रमांक आणि B मध्ये गुण: १८, १७, १८, १७. गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये, दोन्हीकडे हीच सूत्रं चालतात. दुसऱ्या ओळीत ही लिही आणि खाली ओढ:

```
E2: =VLOOKUP(A2,Units!A:B,2,FALSE)*D2/SUMIF(A:A,A2,D:D)
H2: =IF(OR(F2=0,G2=""),"",G2+CHOOSE(F2,2,7,21))
I2: =E2*(1-F2/3)
```

E रकान्याची एकूण बेरीज बरोबर ७० यायला हवी. नाही आली तर A मध्ये कुठेतरी '३' ऐवजी 'युनिट ३' असं लिहिलं गेलंय. कधीच न विचारलेल्या टॉपिकला D मध्ये शून्य ठेवू नकोस, त्याचा वाटाही शून्य होतो आणि तो शीटमधून गायब झाल्यासारखा होतो. बेरीज तपासून झाल्यावर तिथे दोन गुण घाल. H मध्ये तारखेऐवजी पंचेचाळीस-शेहेचाळीस हजारांचा आकडा दिसला तर काही बिघडलेलं नाही, त्या रकान्याचं फॉरमॅट तारीख असं कर.

आता F रकाना, आणि तुझे अकरा गुण इथेच अडकलेत. तू टिक कशावर करत होतीस? लेक्चर झालं, व्हिडिओ पाहिला, नोट्स वाचल्या, की टिक. हे तिन्ही वाचन आहे. पेपर मात्र लिहायला सांगतो. म्हणून टिकच्या जागी ० ते ३ अशा पायऱ्या ठेव, आणि प्रत्येक पायरी काहीतरी करून दाखवल्यावरच मिळेल असं ठरव. ० म्हणजे हात लावलेला नाही. १ म्हणजे वाचून समजलं. २ म्हणजे पुस्तक मिटून कागदावर लिहिता आलं. ३ म्हणजे जुन्या पेपरातला प्रश्न वेळेत सुटला.

वेळ म्हणजे किती, तेही ठरलेलं आहे. १५० मिनिटांत ७० गुण, म्हणजे गुणाला दोन मिनिटांहून थोडी जास्त. सहा गुणांचा उपप्रश्न बारा-तेरा मिनिटांत संपायला हवा.

सीरियलायझेबिलिटीचंच बघ. व्याख्या पाठ आहे, प्रेसिडन्स ग्राफमध्ये सायकल असेल तर शेड्यूल कॉन्फ्लिक्ट सीरियलायझेबल नाही हेही माहीत आहे. ही पायरी १. आता `R1(A), W2(A), W1(A)` एवढं शेड्यूल कोऱ्या कागदावर घे. T1 ने A वाचल्यावर T2 ने लिहिलं, म्हणून T1 पासून T2 कडे बाण. T2 ने लिहिल्यावर T1 ने लिहिलं, म्हणून T2 पासून T1 कडे बाण. सायकल झाली, उत्तर नाही. कुठेही न बघता हे जमलं, दोन बाण का आले हे कारणासकट लिहिता आलं, तर पायरी २. चार ट्रान्झॅक्शन्स आणि तीन डेटा आयटम असलेला पेपरातला प्रश्न बारा मिनिटांत ग्राफसकट आणि सीरियल क्रमासकट पूर्ण झाला, तर ३. पहिल्या पायरीवरून टिक केलेल्या मुलीचा हात पेपरात कुठे अडतो ते यावरून तुझ्या लक्षात येईल: बाण कुठल्या दिशेने काढायचा, इथे.

F वर चढतो तसा उतरलाही पाहिजे, नाहीतर ही पुन्हा टिकच. H मधली तारीख आली की त्या टॉपिकचा एक उपप्रश्न न वाचता लिहून बघ. जमला तर पायरी तीच ठेव किंवा वाढव, अडलीस तर एकने कमी कर, आणि दोन्ही वेळा G मध्ये आजची तारीख घाल. सूत्रात मी १ नंबरच्या पायरीला दोन दिवस, २ ला सात आणि ३ ला एकवीस दिवस धरलेत. पाच आठवड्यांच्या बेताला हे अंतर बसतं. शेवटचे दहा दिवस उरले की २१ च्या जागी ८ कर, नाहीतर शीट तुला परीक्षेनंतरची तारीख दाखवेल.

रोज सकाळी दोनच गोष्टी बघायच्या. H मध्ये आजची किंवा गेलेली तारीख कुठे आहे, आणि I मध्ये सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे. पहिल्यातून उजळणी ठरते, दुसऱ्यातून नवा अभ्यास.

फक्त I वर विसंबलीस तर मात्र फसशील, आणि हे मला सविस्तर सांगायचंय, कारण 'किंवा' असलेल्या पेपरात हुशार मुलंसुद्धा इथे गुण घालवतात. समज, चौथ्या युनिटमध्ये तुझे सहा टॉपिक पक्के आहेत. टाइमस्टॅम्प आणि शॅडो पेजिंग राहिलेत. दोघांचा वाटा मिळून १.४ अधिक १.०, म्हणजे २.४ गुण. शीट बघून वाटेल की सोडले तरी चालतील. पेपर येतो. प्रश्न ३ मध्ये सीरियलायझेबिलिटी, टाइमस्टॅम्प आणि डेडलॉक. प्रश्न ४ मध्ये लॉक-बेस्ड, शॅडो पेजिंग आणि अ‍ॅसिड. तिसऱ्याचा 'अ' आणि चौथ्याचा 'ब' असं मिसळून लिहिता येत नाही, कुठला तरी एकच प्रश्न पूर्ण घ्यावा लागतो. कुठलाही घेतलास तरी एक उपप्रश्न कोरा. शीटवरचे २.४ पेपरात सहा झाले.

एकच टॉपिक कच्चा असता तर? शॅडो पेजिंग समज. ते प्रश्न ४ मध्ये आलं, तू प्रश्न ३ घेतलास, काहीच गेलं नाही. म्हणजे एका युनिटमध्ये एक टॉपिक सोडणं परवडतं, दोन सोडणं परवडत नाही. त्यातही सोडायचा तो टॉपिक नीट निवडावा लागतो. लॉग-बेस्ड रिकव्हरीसारखा टॉपिक एकाच पेपरात दोन्ही बाजूंना येऊ शकतो, एकीकडे डिफर्ड-इमिजिएट, दुसरीकडे चेकपॉइंट. तो सोडलास तर सुटकेची बाजूच उरत नाही. म्हणून J रकाना ठेव आणि पेपर मोजतानाच खूण करत जा: हा टॉपिक कधी एकाच पेपरात 'किंवा'च्या दोन्हीकडे आलाय का. खूण असलेला टॉपिक कधीच सोडायचा नाही.

`Units` पानावर C मध्ये युनिटचे बाकी गुण आणि D मध्ये कच्च्या टॉपिकची संख्या काढ:

```
C2: =SUMIF(Topics!A:A,A2,Topics!I:I)
D2: =COUNTIFS(Topics!A:A,A2,Topics!F:F,"<2")
```

D2 चं सूत्र रिकामे चौकोन मोजत नाही. म्हणून हात न लावलेल्या टॉपिकपुढे F मध्ये ० लिहायचंच, रिकामं सोडायचं नाही. नाहीतर अजिबात न उघडलेलं युनिट तुला शून्य कच्चे टॉपिक दाखवेल.

परीक्षेच्या आधी चारही युनिट्सपुढे D मध्ये ० किंवा १ दिसायला हवं. हे गाठण्यासाठी सुरुवात कुठून करायची? तिसऱ्या आणि चौथ्या युनिटपासून, कारण नॉर्मलायझेशन आणि सीरियलायझेबिलिटी हाताने सोडवायच्या गोष्टी आहेत आणि हात बसायला दिवस लागतात. पाचव्या युनिटमध्ये कॅप थिअरम आणि नोएसक्यूएलचे प्रकार लवकर होतात, पण मॉंगोडीबीची सिंटॅक्स लिहून बघावीच लागते. तिथे प्रॅक्टिकलच्या असाइनमेंट्स तुझ्या कामी येतील: ज्या कमांड्स लॅबमध्ये चालवल्यात त्याच कागदावर लिहून काढ. सहावं युनिट बरंचसं वर्णनाचं आहे. ते तिसऱ्या आठवड्यापर्यंत मागे ठेवलंस तरी चालेल, पण पायरी २ शिवाय पेपरला नेऊ नकोस, कारण त्यालाही सतरा-अठराच गुण आहेत.

या मोजणीला एक मर्यादा आहे. पाच पेपर म्हणजे अडीच वर्षांचा मागोवा, पुढच्या पेपराचं भविष्य नाही. E मधल्या ३.४ चा अर्थ साडेतीन गुणांचा प्रश्न येणार असा नाही. तो क्रम लावण्यापुरता आकडा आहे: आधी काय, मग काय. म्हणून ३.४ आणि ३.८ यांत फरक करत बसू नकोस. ३.४ आणि १.० यांत कर. आणि तुझ्या मागच्या बॅचला नवा २०२४ पॅटर्न असेल, तर त्यांना ही शीट जशीच्या तशी देऊ नकोस. त्यांची युनिट्स आणि पेपरची रचना त्यांच्या स्वतःच्या सिलॅबसमधून घ्यायला हवी, आणि जुने पेपर पुरेसे जमेपर्यंत D मध्ये वर्गातले तास घालून काम चालवावं लागेल.

डीबीएमएसची शीट आठवडाभर वापरून झाली की मगच दुसरा विषय घे, आणि तो थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन असू दे. तिथे जवळजवळ सगळंच सोडवायचं असतं, त्यामुळे D2 च्या सूत्रात `"<2"` च्या जागी `"<3"` कर. पुशडाउन ऑटोमॅटाची व्याख्या लिहिता येणं आणि दिलेल्या भाषेसाठी तो बांधता येणं यांत तिथे पूर्ण प्रश्नाचा फरक पडतो.

– ताई